सोळा मिलिमीटरच्या भिंतीत नऊ मिलिमीटर: गर्भाशय काढल्यानंतरचा उपचार कशावरून ठरतो

*प्रश्न: माझ्या आईचे वय ६२ आहे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला म्हणून तपासणी केली, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. बायोप्सीत ग्रेड १ होता. गर्भाशय, दोन्ही बीजकोश आणि नलिका काढल्या. आता रिपोर्टमध्ये एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड २, १६ मिमी भिंतीत ९ मिमी शिरकाव, सेंटिनेल गाठी निगेटिव्ह, स्टेज १बी असे लिहिले आहे. डॉक्टर म्हणतात की योनिमार्गातून तीन वेळा रेडिएशन पुरेसे आहे. ओळखीच्या एका बाईंना याच आजारासाठी पाच आठवडे शेक आणि वर केमो दिली होती. आईला उपचार कमी तर पडत नाहीत ना?*

तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टला सुचवलेला उपचार बरोबर जुळतो. मात्र रिपोर्टमधील आणखी दोन-तीन ओळी तुम्ही इथे लिहिलेल्या नाहीत, आणि निर्णय उलटला तर तो त्या ओळींमुळेच उलटेल. त्यांच्याकडे मी शेवटी येतो, कारण त्यांचे महत्त्व कळण्यासाठी आधी ग्रेड आणि खोली या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

या कॅन्सरची स्टेज शस्त्रक्रियेनंतर ठरते. आधीच्या एमआरआयवरून अंदाज येतो, पण कागदावर उतरते ती स्टेज काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीतून येते. म्हणजे हिस्टेरेक्टॉमी हा मुख्य उपचारही असतो आणि सर्वांत मोठी तपासणीही. त्यामुळेच गर्भाशय मुखासकट, अखंड बाहेर काढायचे असते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना ते पोटात तुकडे करून काढले, तर पेशी सांडण्याचा धोका असतोच, शिवाय पॅथॉलॉजिस्टला भिंतीची खोली मोजायला काही उरत नाही. बीजकोश आणि नलिका सोबत काढतात, कारण आजार तिथे लपलेला असू शकतो. लसिकाग्रंथी, ज्यांना रुग्णालयात सगळे 'गाठी' म्हणतात, त्यांच्यासाठी गर्भाशयमुखात दोन्ही बाजूंना हिरव्या छटेचे इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य टोचतात. विशिष्ट कॅमेऱ्याखाली ते लसिकावाहिन्यांतून वाहत जाताना चमकते आणि ज्या गाठीत प्रथम पोहोचते ती सेंटिनेल गाठ. तीच काढून अतिशय पातळ काप करून तपासतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे सेंटिनेल गाठी सापडल्या होत्या अशा स्त्रियांमध्ये, पसरलेला आजार ओळखण्यात ही पद्धत शंभरात सुमारे ९७ वेळा यशस्वी ठरली. अट एकच: गाठ दोन्ही बाजूंना सापडायला हवी. एका बाजूला द्रव्य चढलेच नसेल, तर त्या बाजूविषयी 'निगेटिव्ह' या शब्दाला अर्थ राहत नाही. आईच्या रिपोर्टमध्ये उजवी आणि डावी अशी वेगवेगळी नोंद आहे का, तेवढे पाहा.

आता ग्रेड. एंडोमेट्रिऑइड प्रकारात कॅन्सरच्या पेशी मूळ अस्तराप्रमाणे छोट्या नळ्या, म्हणजे ग्रंथी, तयार करण्याचा प्रयत्न करतात. हा प्रयत्न कितपत जमला आहे त्याचे माप म्हणजे ग्रेड. ग्रंथी न बनवता पेशींचे नुसते भरीव पुंजके झालेला भाग ५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर ग्रेड १, ६ ते ५० टक्के असेल तर ग्रेड २, आणि त्याहून जास्त असेल तर ग्रेड ३. पेशींची केंद्रके फारच विद्रूप दिसत असतील, तर ग्रेड एका पायरीने वर नेतात. बायोप्सीत १ आणि आता २ हे वाचून अनेक कुटुंबांना आजार मधल्या काळात वाढला असे वाटते. तसे नाही. बायोप्सीत अस्तराचे काही तुकडे हाती येतात, तर शस्त्रक्रियेनंतर कॅन्सरची पूर्ण गाठ. भरीव भाग ज्या कोपऱ्यात होता तिथे बायोप्सीची नळी पोहोचली नव्हती, इतकाच याचा अर्थ. शिवाय ग्रेड १ आणि २ यांना हल्ली एकत्रच 'लो ग्रेड' म्हणतात आणि उपचार ठरवताना खरी रेघ २ आणि ३ यांच्यामध्ये ओढली जाते. त्यामुळे हा बदल कागदावर दिसतो तेवढा मोठा नाही.

खोलीची गोष्ट वेगळी आहे. गर्भाशयाचे अस्तर आत असते आणि त्याभोवती स्नायूंची जाड भिंत, मायोमेट्रियम. अस्तराला लागून असलेल्या स्नायूंत लसिकावाहिन्या तुलनेने बारीक असतात; बाहेरच्या अर्ध्या भागात त्या मोठ्या होतात आणि पेशींना ओटीपोटातील गाठींकडे जायला वाट मिळते. १९८७ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, आजार वरकरणी गर्भाशयापुरताच दिसत असलेल्या ६२१ स्त्रियांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ओटीपोटातील गाठींत आजार सापडण्याचे प्रमाण ग्रेड १ मध्ये ३ टक्के, ग्रेड २ मध्ये ९ आणि ग्रेड ३ मध्ये १८ टक्के होते. आजार अस्तरापुरता असेल तर हेच प्रमाण १ टक्का होते आणि भिंतीच्या सर्वांत बाहेरच्या तिसऱ्या भागात पोहोचला असेल तर २५. सोयीसाठी पुढे भिंतीचे निम्मे हीच सीमा ठरली: शिरकाव निम्म्याहून कमी असेल तर १ए, निम्मा किंवा अधिक असेल तर १बी. गर्भाशयमुखाच्या आतील ऊतीत शिरला तर २, बीजकोश, योनी किंवा गाठींत गेला तर ३, आणि मूत्राशय वा आतड्याच्या अस्तरात किंवा दूरच्या अवयवात गेला तर ४.

आईच्या रिपोर्टमधील १६ पैकी ९ म्हणजे ५६ टक्के. म्हणून १बी. पण हा आकडा निम्म्याच्या अगदी जवळचा आहे. ७ मिलिमीटर असते तर ४४ टक्के झाले असते आणि बहुधा नुसत्या देखरेखीवर भागले असते किंवा रेडिएशनचा विचार बराच सौम्यपणे झाला असता. दोन मिलिमीटरवर एवढे अवलंबून असेल, तर ते मोजतात कसे हे पाहायला हवे.

मोजमाप सुरू होते ते अस्तर आणि स्नायू यांच्या मूळ सीमेपासून, कॅन्सरच्या गाठीच्या पृष्ठभागापासून नव्हे. गाठ अनेकदा गर्भाशयाच्या पोकळीत फुलकोबीसारखी वर आलेली असते. तो वर आलेला भाग मोजणीत धरला, तर 'शिरकाव' उगाच वाढतो. तिथे खरे तर गाठीची जाडी मोजली जाते. म्हणून शेजारच्या निरोगी भागात ही सीमा कुठे आहे ते पाहून तिथून खाली रेघ धरायची आणि सर्वांत खोल पेशीपर्यंतचे अंतर मोजायचे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. पुष्कळ स्त्रियांच्या स्नायूभिंतीत आधीपासूनच निरोगी अस्तराची बेटे असतात. त्याला अॅडेनोमायोसिस म्हणतात. कॅन्सर कधी कधी पृष्ठभागावरून या बेटांत उतरतो. तो खोलवर दिसतो खरा, पण त्याने स्नायू फोडलेले नसतात. आधीपासून असलेल्या खोलीत तो जाऊन बसलेला असतो. याला शिरकाव धरत नाहीत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक स्त्री दुसऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करून आली. रिपोर्टमध्ये १४ पैकी १० मिलिमीटर, १बी असे लिहिले होते आणि बाहेरून शेक सुचवला होता. स्लाइड्स पुन्हा पाहायला मागवल्या, तेव्हा त्या सर्वांत खोल पुंजक्याभोवती अस्तराच्या आधारऊतीचे कडे स्पष्ट दिसत होते, कडा गुळगुळीत होती आणि शेजारीच त्याच बेटात निरोगी ग्रंथीही होत्या. खरा शिरकाव ४ मिलिमीटर निघाला. ग्रेड १, १ए. तिला शेक दिला नाही. ती चूक निष्काळजीपणाची होती असे मी म्हणणार नाही. गर्भाशय वेळेवर उभे कापून फॉर्मॅलिनमध्ये ठेवले नव्हते, त्यामुळे आतली ऊती सडू लागली होती आणि सीमा पुसट झाली होती. आकडा निम्म्याच्या आसपास असेल, तर स्लाइड्स आणि ब्लॉक्स, म्हणजे मेणात जपून ठेवलेले ऊतीचे तुकडे, स्त्रीरोगांच्या कॅन्सरची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टला एकदा दाखवून घ्याव्यात, हे माझे ठाम मत आहे. यात आठवडाभर जातो आणि तेवढ्याने काही बिघडत नाही, कारण योनीचा वरचा टाका भरून यायला तसेही चारेक आठवडे लागतातच.

समजा फेरतपासणीतही ५६ टक्केच आले. मग रेडिएशन योनीतच का, आणि तेवढेच का?

नेदरलँड्समध्ये या प्रश्नावर एकामागून एक झालेल्या पोर्टेक नावाच्या चाचण्यांतून याचे उत्तर मिळाले. पहिल्या चाचणीत स्टेज १ मधल्या मध्यम धोक्याच्या सातशेहून अधिक स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर बाहेरून रेडिएशन दिले, दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवले. २००० साली आलेल्या निष्कर्षांत पाच वर्षांत योनीत किंवा ओटीपोटात आजार उलटण्याचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत ४ टक्के आणि न घेतलेल्यांत १४ टक्के होते. म्हणजे रेडिएशनचा उपयोग झाला. पण जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. याचे कारण महत्त्वाचे आहे: उलटलेल्या आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश योनीत होते, बहुतेक वरच्या टोकाशी, म्हणजे जिथे गर्भाशय काढून टाका घातला जातो त्या जागी, आणि आधी रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांत तिथला आजार नंतर रेडिएशनने बहुतेक वेळा आटोक्यात आणता येतो.

यावरून पुढचा प्रश्न सहजच निघाला. धोका मुख्यतः योनीच्या वरच्या भागात असेल, तर पूर्ण ओटीपोट, आतडी आणि मूत्राशय शेकण्याची गरज काय? दुसऱ्या पोर्टेक चाचणीत बाहेरून ४६ ग्रे इतक्या मात्रेचे रेडिएशन आणि फक्त योनीतून ब्रॅकीथेरपी, म्हणजे स्रोत आत ठेवून दिलेले रेडिएशन, यांची तुलना झाली. त्यात ज्या स्त्रिया घेतल्या, त्यांचा मोठा गट म्हणजे साठीच्या पुढच्या, ग्रेड १ किंवा २ असलेल्या आणि निम्म्याहून खोल शिरकाव असलेल्या. हे वर्णन जवळजवळ तुमच्या आईचेच आहे. पाच वर्षांत योनीत आजार उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत २ टक्क्यांच्या आत राहिले. मात्र उपचार संपताना पोटाचे, म्हणजे मुख्यतः जुलाबाचे, त्रास बाहेरून शेक घेतलेल्यांत ५४ टक्क्यांच्या आसपास होते आणि ब्रॅकीथेरपी घेतलेल्यांत १३ टक्क्यांच्या आसपास. ब्रॅकीथेरपीच्या गटात ओटीपोटात आजार उलटणे किंचित जास्त होते, पण जगण्यात फरक नव्हता. म्हणून डॉक्टरांनी जे सुचवले आहे ते कमी नाही; आजार जिथे परतण्याची शक्यता सर्वाधिक आहे तिथे पुरेसे आहे.

प्रत्यक्षात हा उपचार असा असतो. आधी योनीचा वरचा टाका पूर्ण भरला आहे ना हे हाताने तपासतात. मग बोटाच्या आकाराचा, गुळगुळीत, साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर योनीत ठेवतात. जो सर्वांत मोठा सिलिंडर त्रास न होता बसेल तो घेतात, कारण भिंत आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली तर मात्रा नेमकी पोहोचत नाही. मधल्या नळीतून इरिडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत यंत्राने आत सरकतो, ठरलेल्या जागी थोडा थोडा वेळ थांबतो आणि परत जातो. योनीच्या वरच्या अर्ध्या भागाला, पृष्ठभागापासून ५ मिलिमीटर खोलीवर, एका वेळी ७ ग्रे अशी मात्रा साधारण आठवड्याच्या अंतराने तीनदा देण्याची पद्धत बरीच रूढ आहे. स्रोत आत असतो तो वेळ काही मिनिटांचा. भूल लागत नाही आणि आई घरी आल्यावर तिच्या अंगातून कुणाला किरण लागत नाहीत. हा प्रश्न मला नातवंडांच्या संदर्भात जवळजवळ प्रत्येक घरातून विचारला जातो. त्रास होतो तो नंतर हळूहळू: कोरडेपणा आणि योनी आकसणे. त्यासाठी जळजळ ओसरल्यावर डायलेटर, म्हणजे योनी मोकळी ठेवणारे गुळगुळीत साधन, वापरायला शिकवतात, आणि पती-पत्नीसंबंध असोत वा नसोत, तो वापरायला हवा. कारण योनी मिटत गेली तर पुढच्या तपासण्यांत टाक्याची जागा दिसतच नाही.

आता ज्या ओळींचा उल्लेख सुरुवातीला केला, त्या.

पहिली आहे एलव्हीएसआय, म्हणजे कॅन्सरच्या पेशी लसिका किंवा रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या आत दिसतात का. इथे 'आहे' किंवा 'नाही' एवढे पुरत नाही. एका ठिकाणी एखादी वाहिनी असेल तर तो 'फोकल', आणि पाच किंवा अधिक वाहिन्यांत असेल तर सध्याच्या प्रचलित व्याख्येप्रमाणे 'सबस्टॅन्शियल'. पहिल्या दोन पोर्टेक चाचण्यांच्या स्लाइड्स नंतर पुन्हा तपासल्या, तेव्हा एलव्हीएसआय मुळीच नसलेल्यांत ओटीपोटातील गाठींत आजार उलटण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत होते आणि सबस्टॅन्शियल असलेल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. अशा वेळी फक्त योनीतले रेडिएशन अपुरे पडू शकते आणि बाहेरून शेक सुचवला जातो. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या नव्या स्टेज वर्गीकरणात तर गर्भाशयापुरताच असलेला असा आजार थेट २बी मध्ये धरला आहे. आईच्या रिपोर्टमध्ये 'नाही' किंवा 'फोकल' असेल, तर जुन्या आणि नव्या दोन्ही वर्गीकरणांत स्टेज १बीच राहते.

दुसरी ओळ पी-५३ या प्रथिनाच्या तपासणीची. हे प्रथिन बिघडलेले दिसले, तर सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य वाटणारा आजारही स्वभावाने आक्रमक वागतो आणि त्याने स्नायूत शिरकाव केला असेल तर गणना २ मध्ये होते. तिसऱ्या पोर्टेक चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना एका गटात फक्त बाहेरून रेडिएशन आणि दुसऱ्या गटात रेडिएशनसोबत आणि नंतर केमो दिली होती. नंतर त्यातील कॅन्सरच्या गाठींची जनुकीय विभागणी केली, तेव्हा पी-५३ बिघडलेल्या गटात पाच वर्षे आजार न उलटता राहण्याचे प्रमाण केमोसह ५९ टक्के आणि केमोशिवाय ३६ टक्के निघाले. केमोचा एवढा मोठा फायदा दुसऱ्या कुठल्याच गटात दिसला नाही.

तिसरी ओळ एमएमआर प्रथिनांची, म्हणजे पेशीतील डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची. त्यात दोष असेल तर पहिल्या टप्प्यात उपचार फारसा बदलत नाही, पण आजार पुढे कधी पसरलाच तर इम्युनोथेरपी उपयोगी पडण्याची शक्यता बरीच वाढते. शिवाय काही घरांत हा दोष वंशपरंपरेने आलेला असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि त्यात आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो. तेव्हा ही ओळ आईइतकीच तुमच्या आणि तुमच्या भावंडांच्या कामाची आहे. पोल-ई नावाच्या जनुकाची तपासणी सर्वत्र होत नाही. त्यात विशिष्ट बदल सापडले तर भविष्य फार चांगले असते, इतके की ग्रेड ३ असूनही उपचार कमी करण्याचा विचार करता येतो.

तुमच्या ओळखीच्या बाईंना शेक आणि केमो का दिली असेल, हे आता लक्षात येईल. त्यांचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, पण एवढा उपचार सहसा सीरससारख्या आक्रमक प्रकारात, पी-५३ बिघडलेले असताना, गाठींत आजार सापडल्यावर, किंवा ग्रेड ३ मध्ये निम्म्याहून खोल शिरकाव आणि एलव्हीएसआय एकत्र आल्यावर दिला जातो. 'गर्भाशयाचा कॅन्सर' हे नाव दोघींचे एकच असले, तरी कागदावरचे आजार दोन वेगळे असू शकतात.

समजा आईच्या रिपोर्टमध्ये एलव्हीएसआय नाही, पी-५३ सामान्य आहे, गर्भाशयमुखाची ऊती मोकळी आहे आणि सेंटिनेल गाठी दोन्ही बाजूंना सापडून स्वच्छ आहेत. तर मीही तीन वेळा ब्रॅकीथेरपीच सुचवेन आणि शस्त्रक्रियेनंतर आठेक आठवड्यांच्या आत ती सुरू झालेली बघेन. पी-५३ आणि एमएमआर केलेच नसेल, तर कॅन्सरच्या गाठीच्या त्याच ब्लॉकवर ते आता करता येते. पुन्हा सुई किंवा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र ही उत्तरे पहिल्या ब्रॅकीथेरपीच्या आधी हातात हवीत, कारण नंतर बाहेरून शेक देण्याची वेळ आली तर आधी दिलेली मात्रा हिशेबात धरून सगळे गणित नव्याने मांडावे लागते.

नंतरच्या दोन-तीन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी योनीची तपासणी होईल. त्या काळात अंगावर थोडे लाल गेले, तर त्याचे कारण अनेकदा रेडिएशनमुळे टाक्याजवळ उमटलेल्या नाजूक रक्तवाहिन्या असतात आणि त्या डोळ्यांना तांबड्या जाळीसारख्या दिसतात. पण घरी बसून तो फरक करता येत नाही. असे झाले तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात आईला दाखवून आणा. जाळीऐवजी उंचवटा किंवा व्रण दिसला, तर त्याचा तुकडा घेऊन तपासावा लागतो.